सहा उतारूंचा हिशेब

पुणे-लोणावळा लोकल, शहरातली बस आणि स्वतःची मोटार, या तिघांत कमी शक्ती कोण खाते, असा प्रश्न कुणी विचारला तर आपण चटकन उत्तर देतो: लोकल पहिली, बस दुसरी, मोटार शेवटची. उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असते. पण ते केव्हा बरोबर असते आणि केव्हा चुकते, हे पाहायचे तर थोडे बेरीज-भागाकार करायला हवेत. तेवढे आज करू.

चिंचवडहून शिवाजीनगरला यायचे आहे असे समजा. अंतर सुमारे १४ किलोमीटर. माप एकच ठेवू. आपल्या घरच्या विजेच्या बिलात जे ‘युनिट’ असते तेच. एका माणसाला एक किलोमीटर नेण्यासाठी किती युनिटे लागली, एवढेच विचारायचे.

आधी मोटार. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटे उष्णता असते. शहरातल्या गर्दीत मोटार लिटरला १२ किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे किलोमीटरला पाऊण युनिट. आत एकटाच माणूस असेल, आणि बहुधा तो एकटाच असतो, तर सगळा पाऊण युनिटाचा खर्च त्याच्या नावावर. चिंचवड ते शिवाजीनगर साडेदहा युनिटे झाली.

आता बस. पुण्याच्या रस्त्यावर आज सीएनजीच्या बसेस पुष्कळ आहेत, म्हणून तीच घेऊ. एक किलो सीएनजीमध्ये साडेतेरा युनिटांच्या आसपास उष्णता असते, आणि मोठी बस एका किलोत तीनेक किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला साडेचार युनिटे, मोटारीच्या सहापट! पण आत ६० माणसे असली तर माणशी पडतात ०.०७५ युनिट, मोटारीतल्या एकट्या माणसाच्या दहावा हिस्सा. आता माणसे उतरवत चला. तीस राहिली तर ०.१५. पंधरा राहिली तर ०.३०. आणि सहाच राहिली की पाऊण युनिट. म्हणजे सहा उतारूंची बस आणि एका माणसाची मोटार, हिशेबात दोघी सारख्याच.

राहिली लोकल. तिचे गणित करताना एक गफलत हमखास होते, ती आधी सांगतो. लोकलची वीज आपण तारेपाशी मोजतो, आणि मोटारीचे पेट्रोल मात्र टाकीत मोजतो. ही तुलना बरोबरीची नव्हे. १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा रेल्वेने त्यासाठी ठाकुर्लीला कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर उभारले होते. गाडीला धूर नव्हता, पण ठाकुर्लीच्या धुराड्याला होता. आजही आपली पुष्कळशी वीज कोळशाचीच आहे. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारेपर्यंत पोचतो, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते. म्हणून तारेपाशी एक युनिट दिसले की कोळशापाशी तीन धरावीत. सूर्याची, वाऱ्याची, धरणाची वीज जसजशी वाढेल तसतसा हा तीनचा गुणक खाली येईल. आज सावधपणे तीनच धरू.

बारा डब्यांच्या लोकलचे वजन सुमारे ५०० टन. पोलादी चाक पोलादी रुळावर फार हलके फिरते. तेवढेच ओझे रबरी टायरवर ओढायला कितीतरी अधिक जोर लागतो. हा लोकलचा मोठा फायदा. पण तिचा तोटाही वजनातच आहे. हजार माणसे बसली तरी प्रत्येकामागे अर्धा टन लोखंड चालते. भरलेल्या बसमध्ये ते माणशी दोनशे किलोच्या आतच असते. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे ६४ किलोमीटर, आणि सर्वसाधारणपणे दर चार किलोमीटरला एक स्टेशन. दर वेळी एवढे लोखंड वेगात आणायचे आणि लगेच थांबवायचे. नव्या बनावटीच्या लोकल ब्रेक लावताना काही वीज तारेत परत देतात. ती वजा जाऊन किलोमीटरला १८ युनिटे धरू. तीनने गुणले की कोळशापाशी ५४.

हजार उतारू असतील तर माणशी ०.०५४. भरलेल्या बसपेक्षा थोडे कमी, पण आपण समजत होतो तेवढे कमी नाही! आणि दुपारच्या वेळी सगळ्या गाडीत ७२ माणसे, म्हणजे डब्यात सहा-सहाच असली तर? चोपन्न भागिले बहात्तर: पुन्हा पाऊणच युनिट. बसला सहा, लोकलच्या डब्यालाही सहा. याच्या खाली आकडा गेला की मोटारीतला एकटा माणूस जिंकतो.

स्कूटरवाल्यांनी एव्हाना मनात हिशेब केला असेल. लिटरला ४५ किलोमीटर म्हटले तर माणशी ०.२ युनिट. स्कूटरला हरवायचे तर बसमध्ये निदान तेवीस माणसे हवीत. पुण्यात बसची खरी स्पर्धा मोटारीशी नाही, स्कूटरशी आहे, ती यामुळे.

मग बसमध्ये सरासरी किती माणसे असतात? हे उतारूंना विचारू नये. समजा, एका बसमध्ये ६० माणसे होती आणि दुसरीत १०. सरासरी ३५. पण त्या सत्तर जणांना विचारले, तर साठजण सांगतील, “बस खच्चून भरली होती हो!” रिकाम्या बसचे साक्षीदार थोडेच असतात. म्हणून डेपोतली इंधनाची नोंद आणि तिकिटांवरचे टप्पे, यांवरूनच भागाकार करावा. आणि डेपोपर्यंतची रिकामी फेरीही त्यात धरावी.

आता कळीची गोष्ट. दुपारच्या बसला आठच माणसे मिळतात, मग ती बंद का करू नये? बंद केली तर किलोमीटरमागे साडेचार युनिटे वाचतील. पण तो दुपारी परतणारा माणूस सकाळी बसनेच आलेला असतो. परतीची बस नाही म्हटल्यावर तो सकाळीही घरचे वाहन काढतो. आठांपैकी सहांनी स्कूटर आणि दोघांनी मोटार काढली, तर येताना-जाताना मिळून त्या किलोमीटरला ५.४ युनिटे जळतात. वाचली साडेचार. सकाळची बस तर त्यांच्याविना तेवढेच इंधन जाळत धावतेच. आठहीजण स्कूटरवर गेले तर मात्र ३.२ युनिटेच लागतात आणि बंद करणाऱ्याचे गणित बरोबर ठरते.

म्हणून एखादी फेरी तोट्याची आहे असे कुणी म्हणाले, की त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही एका फेरीचा हिशेब केलात की साऱ्या दिवसाचा? आणि त्या फेरीतली माणसे उद्यापासून कशाने जाणार आहेत?