दोष कोणाचा?



मूल होत नाही किंवा गर्भ राहून पडला, एवढे ऐकल्याबरोबर आपल्या समाजाच्या मनात दुःखाच्याही आधी दोषाचा प्रश्न उभा राहतो. आणि या विषयावर लिहिणाऱ्याच्या संयमाची खरी कसोटी, माझ्या मते, तो या प्रश्नाचे काय करतो यावरच लागते.

विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणले. त्यात सख्ख्या भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भ पडतो, आणि तिच्या लुगड्यावर तांबडा डाग दिसतो. परिनिरीक्षकांनी त्यास हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो तांबडा समजावा, अशी सूचना देण्यात आली. सरकारी संयमाचा याहून निखळ मासला मला ठाऊक नाही! परंतु त्याच नाटकात रमा आहे. वैद्य, साधू, नवस, उपास यांच्या फेऱ्यांत वर्षे घालवलेली ही स्त्री आपला सावत्र दीर रजनीनाथ याच्यापाशी एकदाच मन मोकळे करते आणि व्यंग आपल्या कुशीत नसून नवऱ्याच्या दारूत आहे, हे सांगते. ते गुपित तिचे आहे, म्हणून ते उच्चारण्याचा अखत्यारही तिचाच. लेखक तिच्या आधी बोलत नाही.

ललित निबंध लिहिणाऱ्याजवळ मात्र रमा नसते. असते ती भावजय, शेजारीण, मैत्रीण. नाव बदलले म्हणून भागत नाही, कारण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात गल्ली, नवऱ्याचे खाते आणि दवाखान्याचा रस्ता एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तपासणीत कोणाच्या ठायी उणे निघाले, ते तिच्या परवानगीवाचून लिहूच नये.

याहून सूक्ष्म धोका वाक्यांच्या क्रमात असतो. 'सकाळी तिने पाण्याचा हंडा उचलला. दुपारी पोटात कळा सुरू झाल्या.' यात लेखकाने आरोप केलेला नाही. पण वाचक तो करून मोकळा होतो, आणि ज्या सासूने तेच म्हटले होते तिला छापील पुरावा मिळतो. वस्तुतः पहिल्या तीन महिन्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भपातांचे मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडात असते, आणि घरातल्या नेहमीच्या कामाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून हंडा गाळावा, आणि वाचकाला धरून ठेवण्यासाठी पुढच्या दिवसांकडे वळावे: रजेच्या अर्जात कारण काय लिहिले, बारशाचे आमंत्रण घेऊन आलेल्या बाईला चहा कोणी दिला, दवाखान्याचा कागद कोणत्या ट्रंकेत गेला. विशेषणांची गरज तेथे सहसा पडत नाही.

पण ती बाई स्वतःच हंड्याची आठवण सोडायला तयार नसेल, तर तो अवश्य लिहावा. मात्र तिच्या तोंडी, आणि डॉक्टरांनी तिला दिलेले उत्तर त्याच परिच्छेदात असावे.