शुल्कवाढीनंतरची किंमत

मार्केटप्लेसने कमिशन किंवा शिपिंग वाढवल्याचा मेल आला की बहुतेक विक्रेते जुन्या किमतीवर तेवढीच टक्केवारी चढवतात. हा हिशोब दोन ठिकाणी चुकतो. कमिशन विक्रीकिमतीवर लागते, म्हणून वाढवलेल्या रकमेतलाही एक तुकडा पुन्हा कमिशनमध्ये जातो. शिवाय जीएसटी विक्रीकिमतीच्या पोटात असतो, त्यामुळे ग्राहकाने दिलेला प्रत्येक जादा रुपया विक्रेत्याच्या हातात पुरा पडत नाही. म्हणून नवी किंमत जुन्या किमतीवरून पुढे मोजू नये. हाती किती उरायला हवे तिथून मागे मोजावी.

उदाहरणासाठी काळा मसाला विकणारा एक नोंदणीकृत गृहउद्योग घेऊ. ४०० ग्रॅमचे पाकीट ४२० रुपयांना विकले जाते. त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे २० रुपये. ते वजा जाता ४०० उरतात. माल, मजुरी आणि पॅकिंग मिळून १९० रुपये. १० टक्के कमिशनचे ४२, ठरावीक क्लोजिंग फी २०, शिपिंग ६०. परत येणाऱ्या पार्सलांचा खर्च विकल्या गेलेल्या पाकिटांवर वाटला तर पाकिटामागे ८ रुपये पडतो. हा शेवटचा आकडा हिशोबातून हमखास सुटतो, कारण तो कोणत्याही दरपत्रकात नसतो. सगळे वजा जाता ८० रुपये उरतात.

आता कमिशन १३ टक्के होते आणि शिपिंग ७२ रुपये. कमिशनचे ५४.६० झाले, म्हणजे पाकिटामागे एकूण २४.६० रुपये जादा गेले. ग्राहकाच्या किमतीच्या मानाने ही रक्कम सहा टक्क्यांच्या आतली आहे. पण नफा ८० वरून ५५.४० वर आला, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश गेला. वाढ किमतीच्या टक्क्यांत वाचली की किरकोळ वाटते, ती नफ्याच्या टक्क्यांत वाचायला हवी.

पुन्हा ८० रुपये उरायचे असतील तर समीकरण सोपे आहे. खर्चाचे २९० (१९० + २० + ७२ + ८) आणि हवे असलेले ८० मिळून ३७० होतात. किमतीच्या प्रत्येक रुपयातून जीएसटी आणि १३ टक्के कमिशन गेले की सुमारे ८२ पैसे हाती येतात. ३७० ला ०.८२२४ ने भागले की उत्तर ४५० येते. म्हणजे २४.६० ची भरपाई करायला किंमत ३० रुपयांनी वाढवावी लागते. सरळ २४.६० मिळवणाऱ्याला पाकिटामागे चार रुपयांहून अधिक तोटा होतो, आणि तो महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

मार्केटप्लेसच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. नियमित नोंदणी असलेल्याला त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते, म्हणून वरच्या हिशोबात तो धरलेला नाही. कंपोझिशनमधल्या किंवा नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला ते मिळत नाही, तेव्हा त्याने प्रत्येक शुल्काला १.१८ ने गुणूनच घ्यावे. मसाल्यासारख्या ५ टक्क्यांच्या मालात नोंदणीकृत विक्रेत्यालाही इथे अडचण येते. १४६.६० रुपयांच्या शुल्कावर २६.४० रुपये कर लागतो आणि विक्रीवरचा कर फक्त २० आहे. दुकानात किंवा थेट केलेल्या इतर विक्रीवर उरलेले क्रेडिट वापरले गेले तर ठीक. नाहीतर ते खात्यावर साचत राहते, कारण अशा उलट्या कररचनेतला परतावा सेवांवरच्या कराला लागू होत नाही. तेवढा भाग मग खर्चच समजावा. सेटलमेंटमधून कापलेला टीसीएस आणि टीडीएस मात्र खर्च नव्हे. तो पुढे आपल्या करात वळता होतो.

किंमत वाढवायची की वाढ स्वतः सोसायची, हे किती ग्राहक गळतील यावर ठरते, आणि त्याची मर्यादा काढता येते. महिन्याला १०० पाकिटे जात असतील तर जुन्या किमतीत नफा ५,५४० रुपये. ४५० रुपयांना तेवढेच मिळवायला ७० पाकिटे पुरतात. याचा अर्थ ३० पर्यंत ऑर्डरी कमी झाल्या तरी किंमत वाढवणे तोट्याचे नाही. शेजारच्या लिस्टिंगवर तसलाच मसाला ४१० ला मिळत असेल तर ३० हून अधिक गळू शकतात. चवीसाठी पुन्हा पुन्हा येणारे ग्राहक असतील तर इतके गळणार नाहीत. एरवीही सोसणे पटते ते दोन प्रसंगी: वाढ ठरावीक मुदतीची असेल तेव्हा, किंवा जुना साठा संपवायचा असेल तेव्हा.

पाकीटबंद मालाला छापील एमआरपीची अट असते. पाकिटावर ४४० छापले असेल तर ४५० घेता येत नाहीत. नवी छपाई होईपर्यंत हिशोब ४४० च्या आतच बसवावा लागतो. किमतीचे टप्पेही पाहावे लागतात, कारण अनेक ठिकाणी क्लोजिंग फी किमतीच्या टप्प्यांनुसार बदलते आणि चार रुपयांची वाढ पुढच्या टप्प्यात ढकलू शकते.

किंमत वाढवण्याच्या किंवा वाढ सोसण्याच्या आधी करायचे काम म्हणजे सेटलमेंट रिपोर्टमधला आकारलेल्या वजनाचा रकाना वाचणे. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतले जे जास्त असेल ते धरते. आकारमानी वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागायचे. या मसाल्याचा खोका २२ × १६ × १० सेंटीमीटरचा, म्हणजे ७०४ ग्रॅम. पाकीट आणि खोका मिळून वजन ४६० ग्रॅमच, पण आकारणी अर्धा ते एक किलोच्या टप्प्यात. खोका १८ × १२ × १० चा केला की ४३२ ग्रॅम येतात. आता प्रत्यक्ष ४६० ग्रॅम धरले जातात आणि पार्सल अर्ध्या किलोच्या आत येते. त्या टप्प्याचा दर ५४ रुपये असेल तर १८ रुपये वाचले. जुन्याच किमतीत नफा ७३.४० होतो, आणि ८० साठी ४२८ रुपये पुरतात. छापील ४४० ला हात लावावा लागत नाही, शेजारच्या ४१० शी अंतरही फार वाढत नाही. शुल्कवाढीच्या आधीही असे पैसे विनाकारण जात होते, हे ध्यानात येणे क्लेशाचे असते. पण बहुतेक छोट्या विक्रेत्यांची पहिली बचत इथेच असते.

माध्यम बदलण्याचा विचार याच्या नंतरचा. स्वतःच्या संकेतस्थळावर ४२० ला विकताना पेमेंट गेटवेचे सुमारे २ टक्के, म्हणजे ८.४०, कुरिअरचे ८० आणि परतीचे १२ धरले तर जवळपास ११० रुपये उरतात. मार्केटप्लेसवरच्या ५५.४० च्या दुप्पट दिसणारा हा आकडा अपुरा आहे, कारण ग्राहक शोधण्याचा खर्च त्यात नाही. जाहिरातीवर ऑर्डरमागे ५४ रुपयांहून अधिक गेले की फायदा संपतो, आणि नव्या ग्राहकासाठी ते सहज जातात. जुना ग्राहक फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा मागवतो तेव्हा हा खर्च जवळजवळ नसतो. म्हणून संपूर्ण स्थलांतराऐवजी नवा ग्राहक मार्केटप्लेसवर आणि पुन्हा येणारा ग्राहक थेट, अशी विभागणी बहुधा टिकते. ती करताना मार्केटप्लेसचे नियम वाचावे लागतात: पार्सलमध्ये स्वतःचा पत्ता देणारे पत्रक टाकायला अनेकांची मनाई असते, आणि बाहेर कमी किंमत दिसली तर काही ठिकाणी लिस्टिंगची दृश्यता घटवतात. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशनमधल्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून मार्केटप्लेसवर विक्रीची मुभा आहे, पण ती राज्यापुरतीच.

२०२२ च्या एप्रिलमध्ये एट्सी या मार्केटप्लेसने व्यवहार शुल्क ५ वरून ६.५ टक्के केले तेव्हा अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली. ते शुल्क ग्राहकाकडून घेतलेल्या शिपिंगवरही लागते, त्यामुळे शिपिंग वेगळे दाखवून कमिशन टळत नाही. शुल्क कोणत्या रकमेवर मोजले जाते, हे प्रत्येक वाढीच्या सूचनेत पहिल्यांदा शोधावे. त्यानंतर लागू होण्याची तारीख पाहावी, आणि ती ऑर्डरच्या दिवसाला धरून आहे की पार्सल निघण्याच्या दिवसाला, हेही. अधल्यामधल्या ऑर्डरी जुन्या किमतीत घेऊन नव्या शुल्कात पाठवल्या जातात, म्हणून किंमत बदलाचा दिवस त्यावरून ठरतो. बदलानंतर महिनाभराने सेटलमेंटमधल्या प्रत्यक्ष जमा रकमेत शुल्कावरचा जीएसटी, टीसीएस आणि टीडीएस परत मिळवून तिला विकलेल्या पाकिटांनी भागावे. हा आकडा गणितातल्या आकड्यापेक्षा दोन-तीन रुपयांहून अधिक कमी निघाला, तर वजनाचा टप्पा, परतीचे प्रमाण किंवा एखादे नवे शुल्क यांपैकी काहीतरी हिशोबाबाहेर राहिलेले असते.