चाळीस अर्जांची कसोटी



आज आम्ही आपल्यापुढे जो विषय मांडणार आहोत तो ऐकायला यंत्राचा वाटेल, पण मुळात तो मोजमापाचा आहे. कारखान्यात टर्नर एक दांडा कातून काढतो, तेव्हा तो बरोबर झाला की नाही हे तो नुसत्या नजरेने ठरवीत नाही. त्याच्यापाशी गेज असते. दांडा गेजात बसला तर पास, न बसला तर बाद. गेज रोज बदलत नाही, म्हणूनच काल कातलेल्या दांड्याची आणि आज कातलेल्या दांड्याची तुलना करता येते. आता प्रश्न असा की, ज्या यंत्रातून दांड्याऐवजी वाक्ये बाहेर पडतात, त्याला गेज कोणते लावायचे?

आमच्या युनियनच्या कचेरीत कामगारांचे अर्ज येतात. पूर्वी ते कागदावर येत, आता बहुतेक मोबाइलवर येतात. कुणी चार ओळी लिहितो, कुणी चार पाने. त्या प्रत्येकाचा थोडक्यात सारांश करून तो नोंदवहीत घालण्याचे काम हल्ली कचेरीतला संगणक भाषा-मॉडेलच्या मदतीने करतो. हे मॉडेल आम्ही बनविलेले नाही, ते बाहेरच्या कंपनीचे आहे. आमचे त्यात आहे ते एवढेच, की अर्जाच्या आधी आम्ही त्याला एक लेखी सूचना देतो: अर्ज वाच, अर्जदार कोण, कोणत्या खात्यातला, काय घडले, केव्हा घडले, त्याची मागणी काय, हे लिही. या लेखी सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. सूचनेतला एखादा शब्द बदलला की उत्तराची धाटणी बदलते, आणि नेमकी कोठे बदलेल हे आधी सांगता येत नाही. सगळी मेख येथे आहे.

आमच्याकडे तक्रार अशी आली की सारांश फार लांब होतात. उपाय सोपा दिसला. सूचनेच्या शेवटी एक ओळ वाढवायची: ‘सारांश साठ शब्दांच्या आत ठेव.’ दोन-तीन अर्ज टाकून पाहिले, सारांश आटोपशीर आले, सगळे खूश झाले. पण दोन-तीन अर्ज पाहून समाधान मानणे म्हणजे पोत्याच्या तोंडाशी मूठभर धान्य पाहून सगळे पोते विकत घेण्यासारखे आहे. ती ओळ कचेरीच्या रोजच्या कामात घेण्यापूर्वी तिची परीक्षा करायचे ठरले. सुधारणा करताना आधी धड चालणारे काही बिघडले तर नाही ना, हे पाहण्याच्या या परीक्षेला संगणकवाले रिग्रेशन टेस्ट म्हणतात. आपण तिला पीछेहाटीची चाचणी म्हणू.

तिला दोन गोष्टी लागतात. पहिली, ठरलेला संच. आम्ही जुन्या अर्जांतून पन्नास निवडले आणि त्यांतली नावे व ओळखीच्या खुणा बदलल्या. त्यांपैकी दहा मोहोरबंद करून बाजूला ठेवले, त्यांचे कारण पुढे सांगतो. उरलेल्या चाळिसांत तेवीस रोजच्या तऱ्हेचे होते: पगार कमी आला, जादा कामाचे पैसे मिळाले नाहीत, रजा कापली. बारा अवघड होते, म्हणजे जेथे कोणी काय केले हा मुद्दा नाजूक आहे असे. आणि पाच असे, की ज्यांत तारीखच दिलेली नव्हती. तेथे ‘तारीख दिलेली नाही’ हेच बरोबर उत्तर. असे अर्ज मुद्दाम घ्यावे लागतात, कारण रिकामी जागा दिसली की यंत्राला ती भरण्याचा मोह होतो. प्रत्येक अर्जापुढे, यंत्राचे उत्तर पाहण्याच्या आधी, सारांशात कोणत्या गोष्टी आल्याच पाहिजेत ते लिहून ठेवले. उत्तर वाचल्यानंतर अपेक्षा लिहायला बसलो, तर नकळत त्या उत्तराच्याच मापाने अंगरखा शिवला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे गुण देण्याची पट्टी. ‘सारांश चांगला आहे का?’ हा प्रश्न पट्टी होऊ शकत नाही, कारण माझे चांगले आणि तुमचे चांगले निराळे. आम्ही पाच रकाने केले: अर्जदार व खाते, तारखा व रकमा, कोणी काय केले, पदरचे काही घातले नाही ना, आणि लांबी. प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण, आणि शून्य कशाला व दोन कशाला हे उदाहरणासह लिहून ठेवले. गुण देणारे दोघे, एकमेकांना न विचारता देणारे. आणि समोरचा सारांश जुन्या सूचनेचा की नव्या, हे त्यांना कळू नये म्हणून कागद पिसून दिलेले.

पहिल्याच फेरीत दोघांचे एका ठिकाणी जमेना. कामगाराने लिहिले होते, ‘गेल्या दिवाळीच्या आधी’. यंत्राने लिहिले, ‘ऑक्टोबर महिन्यात’. एकाने दोन गुण दिले, दुसऱ्याने शून्य. दुसऱ्याचे म्हणणे खरे, कारण दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, आणि तक्रारीची मुदत तारखेवरून मोजतात. तेव्हा पट्टीत लिहिले: कामगाराचे शब्द तसेच ठेवले तर दोन, त्यांवरून तारीख बनविली तर शून्य. पण पट्टी बदलली की आधीचे गुणही नव्या पट्टीने पुन्हा द्यावे लागतात. नाहीतर गेज बदलून कालच्या दांड्याला आजचा दोष लावल्यासारखे होईल.

आणखी एक काळजी. हे मॉडेल त्याच सूचनेला, त्याच अर्जावर, दरवेळी अक्षरशः तेच उत्तर देईल असे नाही. उत्तरातली चंचलता कमी करण्याची सोय असते, पण ती शून्यावर ठेवली तरी थोडा फरक राहतो. म्हणून आधी जुनीच सूचना चाळीस अर्जांवर पाच वेळा चालविली. चारशेपैकी एकूण गुण 338 ते 344 यांमध्ये हलले, आणि एकेका रकान्यात दोन-तीन गुणांचा फरक पडला. याचा अर्थ एवढाच, की एकूण पाच-सहा गुणांच्या चढउतारावरून हर्ष करू नये आणि शोकही करू नये.

आता निकाल ऐका. जुन्या सूचनेला 341 गुण. ‘साठ शब्दांच्या’ सूचनेला 356. पंधरा गुणांची वाढ! बेरीज पाहून उठणारा माणूस नवी सूचना तेथेच मंजूर करील. पण रकाने निरनिराळे मांडले तेव्हा चित्र पालटले. लांबीचे गुण 80 पैकी 38 होते, ते 78 झाले. एकट्या त्या रकान्याने 40 गुण मिळविले. बाकीच्या चार रकान्यांनी मिळून 25 गमावले होते. अर्जदार व खाते 78 वरून 77, पदरचे न घालणे 72 वरून 71. हे नेहमीच्या हलण्यातले. तारखा व रकमा मात्र 76 वरून 70. आणि कोणी काय केले, हा रकाना 77 वरून थेट 60.

हे सतरा गुण कोठे गेले? अर्जांनुसार पाहिले तर नऊ अर्जांत, आणि ते नऊही त्या अवघड बारांतले. त्यांतला एक वाचून दाखवतो. कामगार लिहितो: ‘मला ऑफिसात बोलावले, दार लावले, दोन कागदांवर सही करून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. नंतर कळले तो राजीनामा होता.’ जुन्या सूचनेचा सारांश: ‘अर्जदाराचे म्हणणे, ऑफिसात बोलावून त्याच्याकडून दोन कागदांवर सही करून घेण्यात आली, तो राजीनामा असल्याचे त्यास नंतर समजले.’ नव्या सूचनेचा: ‘अर्जदाराने राजीनाम्यावर सही केली, दुसऱ्या दिवसापासून काम बंद.’

श्रोतेहो, सही त्यानेच केली, हे खोटे नाही. पण ‘सही केली’ आणि ‘सही करून घेतली’ यांत एका माणसाची नोकरी आहे. नोंदवहीत पहिले वाक्य गेले की पुढचा वाचणारा म्हणणार, राजीनामा दिला आहे, मग तक्रार कसली? मराठीत ही सक्ती क्रियापदाच्या शेपटीत राहते: करून घेतले, द्यायला लावले, भाग पाडले. वाक्य आखूड करायला सांगितले की पहिली कात्री त्या शेपटीलाच लागते. आणि अशा अर्जांची संख्या चाळिसांत थोडी, म्हणून तो तोटा लांबीच्या नफ्याखाली गाडला गेला. यावरून आम्ही एक नियम घातला. ‘कोणी काय केले’ या रकान्यात ज्या अर्जाला आधी दोन गुण होते, त्याला नव्या सूचनेने शून्य मिळाले, आणि पुन्हा चालवूनही शून्यच आले, तर बेरीज कितीही वाढो, ती सूचना नामंजूर.

मग तिसरी सूचना लिहिली. नमस्कार, पुनरुक्ती आणि वर्णन गाळ. मर्यादा नव्वद शब्द. तारखा व रकमा अर्जदाराच्या शब्दांत. आणि दुसऱ्याने भाग पाडून करविलेली कृती त्याच रूपात लिही. ही सूचना बिघडलेल्या नऊ अर्जांवरच तपासणे पुरेसे नव्हते, कारण एक भोक बुजवताना दुसरीकडे शिवण उसवते. सगळे चाळीस पुन्हा चालविले. एकूण 375. लांबी 72 वर आली, म्हणजे सहा गुण सोडले. पण कोणी काय केले हा रकाना पुन्हा 77, आणि तारखा 75. सहा गुण देऊन सतरा परत घेतले, हा सौदा आम्ही पत्करला.

आता त्या मोहोरबंद दहा अर्जांकडे या. तिसरी सूचना लिहिताना चाळीस अर्ज डोळ्यांसमोर होते. तेच प्रश्न पाहून अभ्यास केलेल्या मुलाला तीच प्रश्नपत्रिका दिली, तर पैकीच्या पैकी गुणांना किंमत नाही. म्हणून सूचना कायम केल्यावरच ते दहा अर्ज फोडले. शंभरपैकी 92 गुण मिळाले. पण एका अर्जात, ‘मुकादमाने बदलीसाठी अर्ज लिहून घेतला’ याचे ‘बदलीसाठी अर्ज केला’ असे झालेच. चाचणीने बिघाड कमी झाल्याचे दाखविले, संपल्याचे नाही. तेव्हा सारांशाबरोबर मूळ अर्ज जोडायचा, आणि राजीनामा, बदली, माफीपत्र असे शब्द आले की मूळ अर्ज माणसाने वाचायचाच, असे ठरले. तो फसलेला अर्ज चाळिसांत सामील केला आणि मोहोरेखाली दहा नवे ठेवले, कारण उघडलेला लिफाफा पुन्हा गुप्त होत नाही.

शेवटची गोष्ट. सूचनेला आम्ही हात लावला नाही, तरी कंपनी मॉडेलची नवी आवृत्ती आणते. सूचना तीच, पण वाचणारा बदलला. म्हणून प्रत्येक फेरीच्या वहीत तारीख, मॉडेलची आवृत्ती, सूचनेची पूर्ण प्रत आणि सर्व उत्तरे ठेवतो, आणि आवृत्ती बदलली की एकेचाळीसही अर्ज पुन्हा चालवतो. गुण देण्यास माणसांच्या दोन संध्याकाळी जातात. हे कामही दुसऱ्या मॉडेलकडून करवून घेता येते, पण आधी त्याचे गुण आणि माणसांचे गुण शेजारी मांडून, विशेषतः तिसऱ्या रकान्यात, ते जुळतात का हे पाहावे लागते. ‘केली’ आणि ‘करून घेतली’ यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याच्या हाती गेज देऊन उपयोग नाही.