चिठ्ठ्या, मुदत आणि मधल्या तारखा

कोश, सूची, विशेषांक आणि ग्रंथमाला सांभाळणारी माणसे आज या सभागृहात जमली आहेत. यांपैकी एकही काम संपादकाला एकट्याने पुरे करता येत नाही. नोंदी दुसऱ्यांकडे द्याव्या लागतात, त्या वेळेवर परत याव्या लागतात, आणि परत आलेला मजकूर छापण्याजोगा असावा लागतो. पहिली गोष्ट सगळेच करतात. दुसरी आणि तिसरी जमत नाही, तेव्हा त्याचे कारण बहुधा काम देण्याच्या दिवसातच सापडते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचा इतिहास या दृष्टीने मुद्दाम वाचावा. दुर्लक्ष आणि लुडबुड या दोन्हींनी काम कसे अडते, हे त्या एकाच प्रकल्पात दिसते.

1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने या कामाची सुरुवात केली. वाचकांनी इंग्रजी पुस्तके वाचायची, शब्द कसा वापरला आहे ते दाखवणारे वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठ्या पाठवायच्या, अशी योजना होती. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज 1861 मध्ये ऐन तिशीत वारले आणि काम फ्रेडरिक फर्निवल यांच्याकडे आले. फर्निवल विद्वान होते, उत्साही होते. त्यांनी एकेक अक्षर एकेका उपसंपादकाकडे सोपवले आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे घरोघरी रवाना केले. मग जुन्या इंग्रजी ग्रंथांसाठी त्यांनी 1864 मध्ये एक संस्था काढली, 1868 मध्ये चॉसरसाठी दुसरी. लक्ष तिकडे गेले. उपसंपादक ठिकठिकाणी आपापल्या परीने काम करत राहिले, काही थकले, काही वारले.

1879 मध्ये मिल हिलचे शाळामास्तर जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाशी करार केला, तेव्हा त्यांच्या अंगणात दोन टनांच्या आसपास चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर होता. एच अक्षराचा गठ्ठा इटलीत फ्लॉरेन्सला निघाला. पी-ए पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये कॅव्हन परगण्यातल्या एका तबेल्यात सापडल्या. त्यांतल्या बऱ्याचशा चूल पेटवण्यात संपल्या होत्या. त्या सांभाळणारे पाद्री वारले होते. कागद सरपणात टाकणाऱ्याला त्यांची किंमत ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. काम बंद पडले आहे हे फर्निवल यांना कळेल असा एकही ठरलेला दिवस त्यांच्या वहीत नव्हता. विश्वास टाकणे वेगळे आणि विचारणा न करणे वेगळे. उपसंपादकांवर विश्वास होता, म्हणूनच त्यांची ठरल्या दिवशी विचारणा व्हायला हवी होती.

काम सोपवताना दिलेले टिपण चुकले तर कष्टाळू माणसेही चुकीच्या दिशेने कष्ट करतात, याचाही दाखला त्याच चिठ्ठ्यांत मिळतो. जुने, अपरिचित, नजरेत भरणारे शब्द टिपा, असा आधीच्या वाचकांचा कल होता आणि सूचनाही तशाच होत्या. परिणामी ‘अब्यूजन’ या मागे पडलेल्या शब्दासाठी सुमारे पन्नास उदाहरणे जमली, आणि रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’साठी पाचदेखील नव्हती. वाचकांनी सांगितले तेच केले होते. मरे यांनी नव्या आवाहनात चिठ्ठीचा आकार, शब्द कोणत्या कोपऱ्यात लिहायचा, साल, लेखक, ग्रंथ, पान आणि मग पूर्ण वाक्य, हा क्रम ठरवून दिला. साध्या शब्दांकडेही लक्ष द्या असे सांगितले. पुढे ज्या शब्दांची उदाहरणे कमी पडत होती त्यांच्या याद्या छापून ते वाचकांकडे पाठवत राहिले. पाहिजे असलेल्या गोष्टींची अशी यादी हीसुद्धा तपासणीच असते. ती कोणाला दोष देत नाही, उरलेले काम दाखवते.

आता दुसरी बाजू. बेंजामिन जॉवेट बेलियल कॉलेजचे प्रमुख आणि विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुद्रणालयाच्या कारभाऱ्यांनी 1883 मध्ये मरे यांच्याकडे सूचनांचे एक पत्रक पाठवले. उदाहरणे नामवंत लेखकांची घ्यावीत, वृत्तपत्रांची नकोत, असे त्यात होते. जॉवेट यांनी तर प्रस्तावनेत स्वतः फेरफार केले आणि शीर्षकही बदलायला घेतले. या सूचनांत विचार करण्याजोगे काहीच नव्हते असे नाही. पण पहिल्या भागाचा बराच मजकूर तेव्हा जुळवून झाला होता, आणि कोणती उदाहरणे घ्यायची हा निर्णय संपादकाचा आहे असे धरून मरे यांनी चार वर्षे काम केले होते. ते राजीनाम्यापर्यंत आले. मरे यांचे स्नेही हेन्री हक्स गिब्ज यांनी मध्यस्थी केली, जॉवेट मागे सरले, आणि 1884 च्या आरंभी ए ते अँट हा 352 पानांचा भाग बाहेर पडला. करार मात्र दहा वर्षांत सबंध कोश पुरा करण्याचा होता.

लुडबुड म्हणजे जास्त वेळा विचारणे, असा समज आहे. जॉवेट यांचे उदाहरण तसे सांगत नाही. ते उशिरा आले आणि जे दुसऱ्याच्या हाती दिले होते त्यात त्यांनी हात घातला, हा खरा दोष. हेच प्रश्न 1879 मध्ये पन्नास नमुना नोंदी समोर ठेवून विचारले असते, तर ते संपादकीय चर्चेचे प्रश्न ठरले असते.

पुढे कारभाऱ्यांना दोन उपयोगी साधने सापडली. एक म्हणजे प्रमाण: वेबस्टरच्या कोशातल्या एका पानाला आपली किती पाने, हे मोजायचे. आधी सहा ठरली होती, ती टिकेनात, मग आठ. यावरून वाद पुष्कळ झाले, पण पसारा वाढतो आहे हे पंचवीस-तीस पानांतच दिसू लागले. त्यासाठी सबंध खंडाची वाट पाहावी लागेना. दुसरे म्हणजे 1895 पासून दर तीन महिन्यांनी 64 पानांचा छोटा भाग प्रसिद्ध करायचा. ही तारीख कामालाच टांगलेली होती. काम कसे चालले आहे असे पत्र लिहायची गरज नव्हती, कारण छापलेली पाने एक तर हातात असत किंवा नसत. कोश तरीही 1928 मध्ये पुरा झाला आणि मरे 1915 मध्येच गेले. एवढ्या अवाढव्य कामाचा अंदाज मुळातच चुकला होता, आणि चुकलेला अंदाज नुसत्या तारखा ठरवून बरोबर होत नाही.

आपल्याकडच्या प्रमाणावर हे कसे उतरवायचे? कोकणातल्या पिकांचा एक लहान कोश निघतो आहे, असे समजा. ‘नाचणी’ ही नोंद कृषी महाविद्यालयातल्या एका तरुण प्राध्यापिकेकडे द्यायची आहे. ‘नाचणीवर छानसे लिहा, सवडीने पाठवा’ असा फोन हा आपल्याकडचा रूढ प्रकार. सवड दसऱ्यापर्यंत मिळत नाही, आणि मग चार हजार शब्दांचा निबंध येतो.

टिपण एका पानाचे असावे, आणि त्यात वाचक कोण हे आधी लिहावे: शेतीची पदवी नसलेला, पण गावाशी संबंध असलेला माणूस. मग शब्दमर्यादा 800. काय हवे: वरकस जमिनीवरची लागवड, रोपे लावण्याची पद्धत, नाचणी, नागली ही नावे कोणत्या भागात चालतात, भाकरी आणि आंबील. काय नको: राब भाजण्याचे सविस्तर वर्णन, कारण ‘राब’ ही स्वतंत्र नोंद दुसऱ्या लेखकाकडे आहे. हे नको असलेले सांगायला संपादक विसरतात आणि दोन नोंदींत तोच मजकूर येतो. उत्पादनाच्या प्रत्येक आकड्यामागे साल आणि आधार हवा. सोबत तयार झालेली दुसरी एखादी नोंद जोडावी. ‘सोपी भाषा’ म्हणजे काय, हे तिच्यावरून लगेच कळते. शेवटी निर्णयांची वाटणी. मुद्द्यांचा क्रम, उदाहरणे, वाक्यरचना हे लेखिकेचे. शब्दसंख्या, शीर्षक आणि शुद्धलेखनाची पद्धत हे संपादकाचे. चित्र घ्यायचे की नाही, ते दोघांनी बोलून.

मुदत सहा आठवड्यांची धरू. मजकूर छपाईला जाण्याची तारीख त्यानंतर आणखी तीन आठवड्यांनी असावी, आणि ती लेखिकेला खरीखुरी सांगावी. खोटी, अलीकडची तारीख सांगितली की एकदा ती कळते आणि पुढच्या प्रत्येक तारखेवरचा विश्वास जातो.

मधल्या तारखा दोनच पुरतात. पहिली आठव्या दिवशी: मुद्द्यांची यादी आणि आधारग्रंथ, अर्धे पान. संपादकाने इथे एवढेच पाहायचे की विषय बरोबर पकडला आहे का आणि साहित्य हाताशी आहे का. दुसरी विसाव्या दिवशी: कुठलाही एक पुरा झालेला परिच्छेद, दीडशे-दोनशे शब्दांचा. भाषेची पातळी आणि आधार देण्याची पद्धत त्यातून दिसते. चूक निघाली तर दोनशे शब्दच बदलावे लागतात. या दोन दिवसांच्या मध्ये संपादकाने फोन करू नये. लेखिकेला मात्र अडले की केव्हाही करता यावा, आणि तिच्या प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर मिळावे. तपासणीच्या दिवशी संपादकच गैरहजर राहिला, तर लेखिका थांबते किंवा अंदाजाने पुढे जाते. दोन्हींचा दोष संपादकाकडे जातो.

तारखा नेमताना लेखिकेचे वेळापत्रक विचारायलाच हवे. परीक्षेच्या पेपरतपासणीत विसावा दिवस आला तर तो सव्विसावा करावा, पण आरंभीच. तारीख तिने स्वतः निवडलेली असली की आठवण करून देणारा निरोपही तगादा वाटत नाही.

आता आठव्या दिवशी ती सांगते की पालघरकडच्या लागवडीची माहिती मिळत नाही, तिथे एकदा जावे लागेल. इथे संपादकाची परीक्षा आहे. ‘बघा, जमेल तसे करा’ हे उत्तर फर्निवल यांचे, आणि स्वतः पालघरला जाऊन टिपणे आणून देणे हे जॉवेट यांचे. तिसरा मार्ग त्याच दिवशी तीन गोष्टींपैकी एक ठरवण्याचा आहे: नोंद रत्नागिरी-सिंधुदुर्गापुरती ठेवून शीर्षकाखाली तसे नमूद करायचे, दहा दिवस वाढवून प्रवासखर्च द्यायचा, किंवा पालघरचा परिच्छेद तिथल्या दुसऱ्या जाणकाराकडून घ्यायचा. निवड झाली की ती टिपणाच्या खाली तारखेसह लिहावी आणि दोघांकडे एकेक प्रत राहावी. छपाईआधीचे तीन आठवडे शिल्लक आहेत, म्हणून दहा दिवसांचा पर्यायही खुला राहतो. आणि तो घेतला तर विसाव्या दिवसाची तपासणी तिसाव्या दिवशी जाते, एवढाच बदल वहीत करावा लागतो.