आधी वायूचं तापमान विचारा

(बडोद्यातील एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



परिचय करून देणाऱ्यांनी मला ‘शास्त्रज्ञ’ म्हटलं. मी शास्त्रज्ञ नाही, कारखान्यात व्हॉल्व्हची चाकं फिरवलेला माणूस आहे. त्यामुळे आजचं भाषण एका व्हॉल्व्हभोवतीच फिरेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी मागचं दार उघडं ठेवायला मी सांगितलंय. (हशा.)

माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती मी जिथे माइक मिळेल तिथे मांडतो. ‘वायू पसरला की गार होतो’ असं आपण पोरांना शिकवतो आणि दाखला देतो घरच्या गॅस सिलिंडरचा. पाहुणे जेवायला आले, दोन्ही शेगड्या तासभर मोठ्या आचेवर चालल्या, की सिलिंडरच्या अंगाला खालच्या बाजूला पाणी सुटतं. तो गारवा पसरण्याचा नाहीच! सिलिंडरमध्ये द्रव आहे. तो उकळतोय आणि उकळायला लागणारी उष्णता स्वतःच्याच अंगातून काढतोय. म्हणून दव द्रवाच्या पातळीपर्यंतच येतं. त्यावर हात फिरवून किती गॅस उरलाय ते आमच्या घरातल्या बायका ओळखायच्या, आणि ते बरोबर असायचं. डिओडरंटच्या डब्याचंही तेच. तेव्हा खूण लक्षात ठेवा: गारठा भांड्याच्या अंगावर असेल तर बाष्पीभवनाचा संशय घ्या. भांडं कोरडं, पण व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप गार, तर तो आजचा विषय.

ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेळ घालवत नाही. थ्रॉटलिंग म्हणजे जास्त दाबाचा वायू एखाद्या अडथळ्यातून, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून किंवा बारीक भोकातून, कमी दाबाकडे जाऊ देणं. बाहेरून उष्णता द्यायची नाही, मध्ये टर्बाइन ठेवून काम करून घ्यायचं नाही. अशा वेळी वायूची एन्थाल्पी, म्हणजे आतली ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान, आधी जेवढी तेवढीच नंतर राहते. आदर्श वायूची एन्थाल्पी फक्त तापमानावर ठरते, म्हणून आदर्श वायू थ्रॉटलिंगमध्ये गारही होत नाही आणि तापतही नाही. जे काही होतं ते वायू आदर्श नसल्यामुळे होतं.

हे पकडायलाच मुळात कष्ट पडले. जूलने १८४५ मध्ये तांब्याच्या एका भांड्यातली दाबाखालची हवा शेजारच्या रिकाम्या भांड्यात सोडली. दोन्ही भांडी पाण्यात बुडवलेली होती, आणि पाण्याचं तापमान हललं नाही. कसं हलणार? पाण्याची आणि तांब्याची उष्णताधारकता एवढी, की हवेतला बारीकसा फरक त्यात बुडून गेला. मग १८५२ मध्ये जूल आणि विल्यम थॉमसन यांनी वायू एका सच्छिद्र बोळ्यातून सतत वाहता ठेवला. वाहत्या वायूला भांडं गार करत बसावं लागत नाही. सगळं स्थिरावलं की दोन्ही बाजूंना थर्मामीटर लावून फरक थेट वाचता येतो. हवा गार होत होती. कार्बन डायऑक्साइड त्याहून बराच गार. हायड्रोजन मात्र किंचित तापत होता.

आता आपल्या गावात या. बडोद्यात सत्तरच्या दशकापासून पाइपातून गॅस घरात येतोय, तेव्हा हा विषय तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलाच आहे. समजा, मोठ्या वाहिनीत गॅस ६० बारला आहे आणि दाब कमी करण्याच्या केंद्रात तो २० बारवर आणायचाय. नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, या टप्प्यात दर बारमागे साधारण ०.४५ अंश थंड होतो. चाळीस बार उतरले म्हणजे अठरा अंश. जानेवारीत जमिनीखालून येणारा गॅस २० अंशांवर असेल तर व्हॉल्व्हनंतर तो २ अंशांवर. बडोद्यात बर्फ पाहायचा असेल तर काश्मीरला जायला नको! (हशा.)

पाइपावर बाहेरून पाणी सुटतं त्याचं दुःख नाही, ती हवेतली वाफ. त्रास आत होतो. गॅसमध्ये ओल राहिली असेल तर पाणी आणि वायू मिळून बर्फासारखं घट्ट हायड्रेट बनतं, आणि ते शून्याच्या वर, पाच-सात अंशांवरसुद्धा बनू शकतं. पहिला बळी रेग्युलेटरच्या पायलटची बारीक नळी. पुढचा दाब झोके घेऊ लागतो, सुटतो, पुन्हा अडतो. ऊन वर आलं की आपोआप ठीक होतं. सकाळी बिघाड आणि दुपारी सगळं आलबेल, असं दिसलं की स्प्रिंग बदलत बसू नका.

यावर उपाय म्हणून कोणी सुचवतो, दोन टप्प्यांत दाब उतरवा, साठचे चाळीस, चाळीसचे वीस. उपयोग शून्य. एन्थाल्पी दोन्ही टप्प्यांत तीच राहते, त्यामुळे शेवटचं तापमानही तेच. टप्प्यांच्या मध्ये उष्णता दिली तरच फरक. आणि हीटर लावायचा तो व्हॉल्व्हच्या आधी. नंतर लावला तर व्हॉल्व्हच्या पोटातला बर्फ तुमच्याकडे बघून हसेल. आणखी एक: थर्मामीटर भोकाच्या अगदी तोंडाशी लावू नका. तिथे वायू सुसाट असतो, त्याच्या वेगासाठी उष्णता खर्च झालेली असते, म्हणून आकडा खोटा गार येतो. थोडं पुढे वेग मंदावला की ती उष्णता परत मिळते, खरं तापमान तिथे मोजायचं.

आता ‘का’. वायूचे रेणू एकमेकांना ओढतात. दाब उतरला की ते लांब जातात, आणि लांब जाताना ही ओढ तोडावी लागते. लग्नानंतर मुलीला गाडीत बसवताना मंडळींना जे होतं ते. (हशा.) त्यासाठीची ऊर्जा रेणू स्वतःच्या वेगातून देतात आणि वायू गार होतो. ही झाली पहिली बाब, आणि ती गारव्याच्याच बाजूची.

दुसरी बाब पुस्तकं घाईत उरकतात. मागचा वायू पुढच्याला ढकलतो, पुढचा त्याच्यापुढच्याला. ढकलण्याचा हिशेब दाब गुणिले आकारमान असा असतो. रेणूंना स्वतःची जागा आहे, ते एकमेकांत घुसत नाहीत. तापमान जास्त असेल तर रेणू इतके वेगात असतात की ओढीचं फारसं चालत नाही, ही जागाच वरचढ ठरते, आणि जास्त दाबाला हा गुणाकार आदर्श वायूपेक्षा मोठा भरतो. दाब उतरला की तो घटतो. एन्थाल्पीची बेरीज तर कायम राहिली पाहिजे! मग घटलेलं आतल्या ऊर्जेत जमा होतं आणि वायू तापतो. या दोन बाबी जिथे बरोबर फिटतात ते इन्व्हर्जन तापमान. त्याखाली थ्रॉटलिंग गार करतं, त्यावर तापवतं.

व्हॅन डर वाल्सच्या समीकरणातून, कमी दाबाला, हे तापमान 2a/Rb येतं. a म्हणजे ओढ, b म्हणजे रेणूंची जागा. हायड्रोजनसाठी उत्तर सुमारे २२४ केल्विन, प्रत्यक्षात सुमारे २०२, म्हणजे उणे ७१ अंश. नायट्रोजनसाठी सूत्र ८५० सांगतं आणि खरं आहे ६२०च्या आसपास. सूत्र दिशा दाखवतं, आकड्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. शिवाय दाब वाढला की हा उंबरठा खाली सरकतो, आणि फार मोठ्या दाबाला नायट्रोजनसुद्धा तापतो. म्हणून मी म्हणतो, वायूचं नाव सांगून भागत नाही, आधी तापमान विचारा, मग दाब विचारा.

हेलियमचं इन्व्हर्जन तापमान तर सुमारे ४५ केल्विन, उणे २२८ अंश. आणि हेलियम म्हटल्यावर... हो, मला कल्पना होतीच. तिसऱ्या रांगेतून ‘विजयदुर्ग!’ असा आवाज आला. (टाळ्या.) सभागृहात देवगडचे लोक आहेत तर! हे माझ्या टिपणात नाही, पण बोलतो.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत आणि १८६८ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने तिथून हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसलं हे खरं. पण ते पाहायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, आणि लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. थांबा, थांबा, रागावू नका! लॉकियर विजयदुर्गाला आला होता, नक्की आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे त्या तळाचे असावेत असं माझं मत आहे. त्याच्या तीन वर्षं आधी रॅम्सेने हेलियम खनिजातून वेगळा करूनही दाखवला होता. कोकणाची शोभा यात कमी होत नाही. (मागून: ‘पुरावा द्या!’) चहाच्या वेळी भांडू. मीही राजापूरचा जावई आहे, मला घरी परत जायचंय. (मोठा हशा.)

गंमत बघा, त्याच १८९८ च्या मे महिन्यात लंडनला ड्यूअरने हायड्रोजनचा द्रव केला. कसा? नुसता थ्रॉटल केला असता तर तापलाच असता. त्याने आधी द्रव हवेच्या मदतीने तो उणे २०५ अंशांपर्यंत उतरवला, इन्व्हर्जन तापमानाच्या बराच खाली, आणि मग भोकातून सोडला. बाहेर पडलेला गार वायू येणाऱ्या वायूला गार करत जातो, असं चक्र. हीच युक्ती पुढे... अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘पाच मिनिटं.’ मला वाटलं चहा आला! (हशा.)

तर भरभर सांगतो. हेलियमसाठी द्रव हवा पुरत नाही, ती ४५ केल्विनपर्यंत नेऊ शकत नाही. आधी द्रव हायड्रोजन हाताशी हवा. म्हणून दहा वर्षं गेली. कॅमरलिंग ओनेसने लायडनला कमी दाबाखाली उकळणाऱ्या द्रव हायड्रोजनने हेलियम सुमारे १५ केल्विनवर आणला, मग थ्रॉटल केला, आणि १० जुलै १९०८ ला द्रव मिळाला.

शेवटचं, कारण आपल्याकडे कोयलीच्या रिफायनरीत आणि आसपासच्या कारखान्यांत हायड्रोजन रोज वापरतात. ‘हायड्रोजन गळला की उलट्या जूल-थॉमसनने तापून आपोआप पेट घेतो,’ असं ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं. हिशेब करा. नेहमीच्या तापमानाला तो दर बारमागे सुमारे ०.०३ अंश तापतो. दीडशे बारच्या सिलिंडरमधून गळला तर वाढ चार-पाच अंशांची. आपोआप पेटायला पाचशेहून अधिक अंश लागतात. जुळतंय का? पेटतो तो दुसऱ्या कारणांनी. त्याला ठिणगी इतकी बारीक पुरते की ती डोळ्याला दिसणारही नाही. स्थिर विद्युत असते, गंजाचे कण घासतात, आणि फार मोठ्या दाबावरून एकदम सुटला तर पुढच्या हवेत आघात-लहर उठून तीच तापते. जूल-थॉमसनला बोल लावला की माणूस अर्थिंग तपासायला जात नाही. आधी फ्लँजवरची बाँडिंगची पट्टी बघा, ती रंगाखाली गाडली गेली असेल तर खरवडून घट्ट करा, आणि मग माझ्याकडे इन्व्हर्जन तापमानाचे प्रश्न घेऊन या.

चिठ्ठी दुसरी आली. थांबतो.