गुढीची गाठ

पाडव्याला महाडच्या पेठेतून पोलादपूरपर्यंत गेलात, तर गुढ्या सजवण्याच्या दोन-तीन रीती सहज दिसतील. कुठे साखरेची माळ कडुनिंबाच्या पानांत अर्धी लपलेली असते, कुठे ती थेट तांब्याच्या गळ्यात घातलेली असते. त्यावरून क्रम म्हणजे ज्याच्या त्याच्या घरची सवय, असे वाटू शकते. माझे म्हणणे वेगळे आहे. आधी वस्त्र, मग कडुनिंब, मग साखरेची माळ आणि शेवटी कलश, हा क्रम काठीच्या टोकाशी बसणाऱ्या गाठीने ठरवला आहे. त्यातले पहिले आणि शेवटचे स्थान अढळ आहे. मधल्या दोघांना कारण आहे, पण थोडी मोकळीकही आहे.

वस्त्र पहिले, कारण गुढी ही मुळात पताका आहे. ज्ञानेश्वरीच्या काळापासून मराठीत गुढी म्हणजे उंच उभारलेली खूण. बाकीचे साज त्या पताकेवर चढतात. पण याहून व्यवहारी कारण आहे. रेशीम बांबूवर घसरते आणि साडीचे सगळे वजन खालीच ओढते. म्हणून साडी किंवा खण वीतभर रुंदीच्या निऱ्यांत घालून टोकाला सुतळीचे दोन-तीन घट्ट वेढे द्यावे लागतात, तेही पेराच्या फुगवट्याच्या लगेच वर, म्हणजे गाठ त्या फुगवट्यावर टेकते आणि खाली येत नाही. डहाळी आधी बांधून वस्त्र तिच्यावर आवळले, तर सुतळीखाली ओला देठ येतो. दुपारच्या उन्हात तो सुकून बारीक होतो आणि सकाळी घट्ट वाटलेली गाठ सैल पडते. दुपारी निऱ्या एका बाजूला ओघळलेल्या दिसल्या, तर दोष बहुधा इथेच असतो.

कडुनिंब दुसरा का? साखरेची माळ दमट हवेत पाणी धरते, चिकट होते, आणि सावित्रीच्या खोऱ्यात चैत्रातली पहाटही पुरेशी दमट असते. माळ थेट रेशमावर टेकली तर डाग आणि मुंग्या दोन्ही येतात. मध्ये पानांचा थर असला की साखर पानांवर टेकते. आपल्याकडे देशावरच्यासारखा बांधाबांधावर कडुनिंब नाही; त्याला कोरडी हवा मानवते. त्यामुळे डहाळी पुष्कळदा आदल्या दिवशीच आणलेली असते. ती रात्रभर पाण्यात ठेवावी, निथळून मगच बांधावी; ओली बांधली तर तीच रेशीम भिजवते. जोडीला आंब्याची डहाळी घातली की थर भरीव होतो.

कलश शेवटी, कारण तो गाठीवरचे वस्त्राचे टोक झाकतो आणि दाबूनही धरतो. एक उदाहरण घेऊ. तांब्या आतून सात बोटे खोल आहे. काहीही बांधण्याआधी तो काठीवर उपडा घालून पाहावा आणि काठ येतो तिथे कुंकवाची खूण करावी. गाठ त्या खुणेच्या बोटभर खाली यायला हवी, म्हणून काठी पेर पाहून वरून कापावी. गाठीच्या वर वस्त्राचे दोन-तीन बोटे टोक सोडावे. ते तांब्याच्या तोंडात पाचरीसारखे बसते. गाठ पाच बोटांवर आली तर ती तोंडातच अडकते, काठीचे टोक तळाला लागत नाही आणि तांब्या कलतो. दहा बोटांवर गेली तर मध्ये उघडा बांबू दिसतो आणि पाचर नसल्यामुळे तांब्या वाऱ्यावर डुलतो.

कोणी म्हणेल, उपडा कलश अशुभ. पण पाण्याने भरून तांदळावर मांडलेला पूजेचा कलश वेगळा आणि ध्वजाच्या शिरावरचा कलश वेगळा. काठीवर भांडे उपडेच बसू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्रतग्रंथ घरोघर ध्वज उभारा एवढेच सांगतात, मग क्रमाचा आग्रह कशाला? खरे आहे, आणि म्हणूनच मी याला शास्त्राज्ञा म्हणत नाही. हे हातांनी जपलेले ज्ञान आहे. तांब्याच्या गळ्यात माळ घालणाऱ्यांनाही मी चूक म्हणणार नाही. उपड्या तांब्याचा पसरट काठ तिला धरून ठेवतो आणि माळ आखूड असेल तर ती रेशमापर्यंत पोचतही नाही. कारण जपले गेले, एवढे पुरे. भाव असला की झाले, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की भाव सकाळी असतो, गुढीला मात्र संध्याकाळपर्यंत उभे राहायचे असते.

आणि क्रम बरोबर होता का, हे सूर्यास्ताआधी गुढी उतरवतानाच कळते. तांब्या उचलला, माळ काढून मुलांच्या हाती दिली, डहाळी सोडली, आणि शेवटी एकच गाठ सोडताच साडी डागाविना हातात आली, तर सकाळी बांधणाऱ्याचे काही चुकले नव्हते.