तोंडावरचं बोट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू प्राथमिक शिक्षिका आहेस, तर शिक्षणाविषयी बोल.’ शिक्षणावर बोलायला तासही पुरणार नाही आणि मला दिलीत दहा मिनिटं. म्हणून माझ्या वर्गातला फक्त एक आकडा घेऊन आले आहे, सदतीस.

कोल्हापुरातल्याच एका शाळेत माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. दर शनिवारी संख्यांचं श्रुतलेखन व्हायचं. मी दहा संख्या सांगायच्या, मुलांनी पाटीवर लिहायच्या. पद्धत तुम्हाला माहीत आहेच. लिहायची वेळ नसली की हाताची घडी, तोंडावर बोट. पुढच्या बाकावर एक मुलगा बसायचा. बेरीज तोंडी विचारली तर सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा, पण श्रुतलेखनात दहातल्या चार-पाच संख्या उलट्या. सदतीस म्हटलं की ७३, बावन्न म्हटलं की २५.

त्याच्या शेजारी चिकोडीकडून आलेली एक मुलगी होती. घरी आजीशी कानडी, शाळेत मराठी. एका शनिवारी मी ‘सदतीस’ म्हटलं आणि तो मुलगा उठून उभा राहिला. ‘बाई, ही कायतरी बोलून लिवतीया!’ मी तिला जवळ बोलावलं. आधी ती घाबरली. मग हळूच म्हणाली, ‘मूवत्तेळु.’ म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाली, ‘तीस सात. आमच्यात तीस आधी म्हणत्यात.’ पाटीवर ३७ बरोबर होतं.

त्या दिवशी मी उरलेल्या सहा संख्या सांगताना पाट्यांकडे न बघता मुलांच्या हातांकडे बघत होते. या मुलीचा हात सरळ डावीकडून उजवीकडे जात होता. त्या मुलाचा हातही तसाच जात होता, पण तो कानांनी ऐकलेल्या क्रमाने. आधी ‘सद’ म्हणून ७, मग ‘तीस’ म्हणून ३. तिसरीकडे एक जण वेगळंच करत होता. उजवीकडे ७ लिहायचा, डावीकडे मुद्दाम जागा सोडायचा, मग मागे येऊन ३ लिहायचा. त्याचं उत्तर नेहमी बरोबर यायचं, त्यामुळे नुसती पाटी तपासली असती तर त्याची ही कसरत कुणाच्या लक्षात आली नसती.

इथे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्कीचं नाव घेते. डी.एड.ला आपण ते पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्याचं एक म्हणणं असं की शब्द हे विचाराचं हत्यार आहे. सुतार पटाशी वापरतो तसं मूल शब्द वापरतं. लहान मुलं काम करताना स्वतःशी बोलतात. पियाजेला वाटलं, हे बालपणाचं लक्षण आहे, वयाबरोबर विरून जातं. व्हिगॉट्स्कीचं म्हणणं उलट होतं. काम अवघड झालं की हे बोलणं वाढतं, कारण मूल त्याच्या आधाराने पुढचं पाऊल ठरवत असतं. पुढे तेच बोलणं आत जातं, आणि त्यालाच आपण मनातल्या मनात विचार करणं म्हणतो. आता तोंडावर बोट ठेवलेल्या वर्गाचा विचार करा.

आणि हत्यार म्हटलं की त्याची धार बघायला हवी. मराठी संख्यानामात एकक आधी येतो, दशक नंतर. शिवाय दशकाचं रूप बदलतं. पन्नासचं बावन्नमध्ये ‘वन्न’ होतं, त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. सत्तरचं बहात्तरमध्ये ‘हात्तर’ होतं. पाच हा पस्तीसमध्ये ‘पस’, पंचेचाळीसमध्ये ‘पंचे’, पासष्टमध्ये ‘पा’. एकोणचाळीसमध्ये तर चाळीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात तीस नि नऊ, म्हणून कित्येक मुलं ४९ लिहितात. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात संख्या ऐकून लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या अशा उलटापालटीशी संबंधित होत्या. म्हणजे आपल्या मुलांची बुद्धी कमी नाही, आपला शब्द वळसा घेऊन येतो.

त्या शनिवारनंतर मी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, श्रुतलेखनात पुटपुटायला परवानगी. वर्गात मधमाश्यांसारखी गुणगुण व्हायची. शेजारच्या वर्गाच्या बाई एकदा डोकावून गेल्या, पण हसून गेल्या. दुसरी, मी सदतीस म्हटल्यावर मुलांनी लिहिण्याआधी ‘तीस सात’ असं फोडून म्हणायचं. तिसरी, दशकाच्या पट्ट्या केल्या. जुन्या पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर ३०, अर्ध्या लांबीच्या पट्टीवर ७. सातची पट्टी शून्यावर ठेवली की ३७ दिसतं, उचलली की खालचं शून्य दिसतं. तीस कुठे गेले, हा प्रश्न मग पडत नाही.

यात एक पारख मात्र आधी करावी लागते. संख्या न बोलता दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवायच्या. मुलाने ३७ लिहिलं तर त्याला दशक-एकक समजलेलं आहे, अडचण फक्त कानापासून हातापर्यंतच्या वाटेत आहे. काड्या बघूनही ७३ लिहिलं, तर अडचण वेगळी आणि खोल. अशा मुलाला ‘तीस सात’ घोकून घेऊन काही होत नाही, गठ्ठे बांधायला आणि सोडायलाच बसवावं लागतं. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाने काड्या बघून पटकन ३७ लिहिलं. तीन आठवड्यांत त्याच्या उलट्या संख्या दहात एखादीवर आल्या.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली, अशी ओरड झाली, विधानसभेतही विनोद झाले. मला वाटतं, टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पुस्तक उघडून पाहिलं असेल. त्यात जुनी नावंही होतीच. पण त्यांच्या काळजीत एक खरी गोष्ट होती. ‘तीस सात’ एवढंच शिकलेलं मूल लक्ष्मीपुरीत भाजी घ्यायला गेलं आणि भाजीवाली ‘सदतीस रुपये’ म्हणाली तर ते गोंधळणार. म्हणून माझ्या वर्गात जोडीचा खेळ असतो. एकाने जुनं नाव म्हणायचं, दुसऱ्याने फोडायचं, मग उलट. आणि आपण सगळ्यांनी गुरुजींपुढे डोलत म्हटलेले पाढेही मी जुन्या नावांनीच म्हणून घेते. तो ताल मला सोडवत नाही.

दिवाळीपर्यंत वर्गातली गुणगुण आपोआप थांबली. मी काहीच सांगितलं नव्हतं, ओठ नुसते हलायचे, मग तेही हलेनात.

पुढच्या वर्षी तीच मुलं घेऊन मी तिसरीत गेले. पहिल्याच आठवड्यात ‘दोनशे सदतीस’ सांगितलं. त्यात शतक आधी, मग एकक, मग दशक. हात डावीकडे सुरू होतो, उजवीकडे उडी मारतो आणि मधे परत येतो. कुणी २७३ लिहिलं, कुणी २००३७. आणि वर्गात पुन्हा तीच गुणगुण सुरू झाली, ‘दोनशे... तीस... सात.’ चिकोडीची मुलगी या वेळी कानडीत पुटपुटत नव्हती. ती शेजारच्याला मराठीत फोडून सांगत होती.